संदर्भपत्र देणाऱ्याने स्वतः भरावे

जंतुतपासणीसाठी पाणी घेताना बाटली विसळायची नाही. रासायनिक तपासणीसाठी घेताना विसळायची, तीनदा, त्याच पाण्याने. नवीन माणूस हटकून उलटं करतो.

साहेबांचा पासवर्ड साहेबांना माहीत नव्हता.

त्या देशाच्या सरकारच्या लेखी दोन वर्षांचा कामाचा अनुभव म्हणजे दोन हजार आठशे तास.

दादाने नवी सूटकेस आणून आईच्या पलंगाखाली सरकवली. अजून कोणी कुठे निघालेलं नव्हतं.

"आपले आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी वा अपत्य यांपैकी कोणी आमच्या दूतावासात नोकरीस आहे काय?" नाही.

दुसऱ्याचं कौतुक करायला अर्धा तास पुरतो. स्वतःचं करायला बसलं की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो.

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलेलं आहे. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं होती आणि तिथे सगळे तिला ताई म्हणत. साहेबही ताईच म्हणत, आणि ते तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठे होते. तिचं वय चौतीस. घरी आई आणि थोरला भाऊ. लग्नाचा विषय दोन वर्षांपूर्वीच थकून झोपला होता, त्याला कोणी उठवत नव्हतं.

ताईला एक वर्ष हवं होतं. फार नाही, एक. तिच्या प्रयोगशाळेत पाण्यातले जंतू मोजता येत, धातू मोजता येत नसत. धातूंसाठी नमुने मोठ्या शहरात जात आणि अहवाल पाच आठवड्यांनी येई. ते पाच आठवडे एक्केचाळीस गावं तेच पाणी पीत. विहिरीपासून नळापर्यंत पाण्यावर पहारा कसा ठेवायचा, कुठे काय आणि किती वेळा तपासायचं, हे शिकवणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम एका परक्या देशात होता. त्याचा पूर्ण खर्च तिला सात जन्मांत झेपला नसता. पण त्या देशाचं सरकार दर वर्षी इथल्या काही माणसांना स्वतःच्या पैशाने तिकडे नेत असे. ताईने त्यासाठी अर्ज केला होता.


प्रश्न पहिला. शिक्षण संपल्यावर आपण मायदेशी परत येऊन किमान दोन वर्षं राहाल काय? होय / नाही

"होय" वर खूण केली नाही तर पुढचं पान उघडतच नसे.

"अगं, काय सांगतेस!" दादा म्हणाला. "फी तेच देणार, राहण्या-जेवण्याचं तेच देणार, विमानाचं तिकीट, व्हिसाचे पैसे, सगळं तेच. आणि वर्ष संपलं की म्हणणार, बरंय, निघा. ही शिष्यवृत्ती की माहेरपण?"

"माहेरपणच समज."

"आणि तू खूण केलीस?"

"मला परत यायचंच आहे."

"तसं सगळेच लिहितात गं," दादा म्हणाला आणि समजूतदारपणे हसला. त्याच्या मनात ती तिकडे स्थिरावली होती, मागोमाग तोही गेला होता, आणि सूटकेस त्याचीच होती.

दादाचा जीव दुसऱ्या एका कागदावर होता. त्याच देशातल्या एका विद्यापीठाने ताईला प्रवेश दिला होता, आणि प्रवेशाच्या पत्राखालीच लिहिलं होतं की आपले गुण पाहून आम्ही फी तीस टक्के कमी करत आहोत. ही विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती. तिच्यासाठी वेगळा अर्ज नव्हता, निबंध नव्हते, मुलाखत नव्हती. परत येण्याचं बंधनही नव्हतं. पंधरा एप्रिलच्या आत होकार कळवायचा आणि जागा राखायची रक्कम भरायची, बस्स. उरलेले सत्तर टक्के आणि वर्षभराचं खाणंपिणं राहणं हे तुमचं तुम्ही बघा. दादाने बघितलं होतं. घर तारण ठेवायचं.

"आणि फेडायचं कसं?" आईने विचारलं.

"तिकडे राहून."

"परत येऊन नाही फिटणार?"

"परत येऊन काय फिटतंय, आई! इथल्या पगारात व्याजाचंही व्याज निघायचं नाही."

म्हणजे ज्या कागदावर परत येण्याची अट नव्हती तो तिला परत येऊ देणार नव्हता, आणि ज्या कागदावर अट होती त्याचा निकाल जूनमध्ये लागणार होता. जून एप्रिलनंतर येतो. ही गोष्ट दादाने त्या महिन्यात बऱ्याच वेळा सांगितली.

"दोन्ही घे की," आई म्हणाली. "तीस इकडून, बाकीचं तिकडून."

"सरकारची मिळाली की दुसरी कुठली धरून ठेवता येत नाही, आई."

"सरकार कुठलंही असो," आई म्हणाली, "स्वभाव तोच."


प्रश्न दुसरा. आपण नेतृत्व केल्याचं एक उदाहरण द्या. तीनशे शब्द

असे चार निबंध होते. नेतृत्व, माणसांशी संबंध, हाच अभ्यासक्रम का, आणि परत आल्यावर काय. पहिल्या चाळणीत फक्त पात्रता बघतात: नागरिकत्व, पदवी, ते दोन हजार आठशे तास, याआधी त्याच सरकारचे पैसे घेतलेत का, आणि तो दूतावासातल्या नातेवाइकांचा प्रश्न. त्यातून उरलेले अर्ज वाचणारे लोक निबंधांना गुण देतात. वरचे थोडे मुलाखतीला जातात. त्यातून निवड, तीही सशर्त, आणि काही जण राखीव यादीवर. गुणपत्रिकेतली टक्केवारी या सगळ्यात एका कोपऱ्यात बसलेली असते, वरातीतल्या दूरच्या काकासारखी.

ताईने हा फरक टिपटॉपला समजावून सांगितला होता. टिपटॉप म्हणजे प्रयोगशाळेतला तिचा धाकटा सहकारी. पांढऱ्या कोटाला इस्त्री करणारा तिथला एकमेव माणूस. त्यानेही अर्ज केला होता.

"विद्यापीठ विचारतं, माणूस हुशार आहे का," ती म्हणाली. "सरकार विचारतं, याच्यावर खर्च केला तर दहा वर्षांनी हा आपल्या देशात कुठल्या खुर्चीत असेल आणि तेव्हा आपली आठवण काढेल का."

"म्हणजे हे शिक्षण नव्हे, सोयरीक झाली."

"तसंच धर."

"मग मला जमेल," टिपटॉप म्हणाला. "मी पहिल्या भेटीत चांगला दिसतो."

फेब्रुवारीत दोघांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं.


प्रश्न तिसरा. हा भाग उमेदवाराने भरू नये

मुलाखतीला बोलावलेल्यांच्या वरिष्ठांना एक दुवा जातो. तो उघडून त्यांनी उमेदवाराबद्दल चार परिच्छेद लिहायचे. दुवा साहेबांच्या ईमेलवर आला. साहेबांची ईमेल गेली सात वर्षं ताई उघडत असे. वाचून दाखवी, साहेब उत्तर सांगत, ती टाइप करी. त्यामुळे तिचं संदर्भपत्र मागणारी चिठ्ठी तिनेच साहेबांना वाचून दाखवली.

"लिहून टाका ताई," साहेब म्हणाले. "मी आहेच."

कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. त्या कार्यालयात रजेचा अर्ज, बढतीची शिफारस, निवृत्तीच्या समारंभातलं भाषण, सगळं ज्याचं त्याने लिहून आणायचं आणि साहेबांनी सही करायची, हीच रीत होती. मागचे एक साहेब वारले तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात स्वतःचा शोकप्रस्ताव तयार सापडला होता, फक्त तारीख मोकळी.

"आणि त्याचंही लिहा," साहेबांनी टिपटॉपच्या टेबलाकडे हनुवटी उडवली. "तुमची भाषा बरी आहे."

टिपटॉपचं पत्र तिने अर्ध्या तासात लिहिलं. त्यात तो मुळात होता त्यापेक्षा दीड इंच उंच झाला. वाचून टिपटॉपच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, मी असा आहे?" त्याने विचारलं. "साहेबांना वाटतं तसं," ती म्हणाली.

स्वतःच्या पत्रापाशी मात्र घोडं अडलं. "अत्यंत कर्तबगार" लिहिलं आणि खोडलं. "कर्तबगार" लिहिलं, तेही खोडलं. "नियमित" राहिलं. मग फॉर्मवर पुढचा रकाना आला: उमेदवारातली एक उणीव. इथे तिची बोटं भराभर चालली. या बाई शंका असेपर्यंत अहवालावर सही करत नाहीत, त्यामुळे अहवाल रखडतात, आणि वरून विचारणा झाली की बोलणी कार्यालयप्रमुखाला खावी लागतात. हे वाक्य साहेब तिला आठवड्यातून एकदा ऐकवत, तिला ते पाठ होतं.

शेवटी एक चौकट होती. हे पत्र मी स्वतः लिहिले असून उमेदवाराने ते पाहिलेले नाही.

"साहेब, इथे असं विचारलंय."

"हो म्हणा," साहेब म्हणाले. त्यांचं लक्ष चहाकडे होतं.

ताईने हो म्हटलं.


प्रश्न चौथा. मुलाखतीस येताना मूळ पारपत्र आणावे

खोलीत तिघं होती. दूतावासातली एक अधिकारी बाई, पंधरा वर्षांपूर्वी याच शिष्यवृत्तीवर जाऊन आलेले एक प्राध्यापक, आणि टिपणं घेणारा एक गृहस्थ, ज्याने पूर्ण वेळ मान वर केली नाही. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात. बरोबर, चूक, वा, असं काही म्हणत नाहीत. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, पण भिंत गुण देत असते.

दादाने शिकवून पाठवलं होतं: "परत येणार, असं ठासून सांग. डोळ्यात डोळे घालून."

तिने ठासून सांगितलं आणि ते खोटं वाटलं. तिचं तिलाच वाटलं. आधीच्या आठही उमेदवारांनी याच खुर्चीत बसून तेच ठासून सांगितलं असणार. मग तिने ठासणं सोडलं आणि एक्केचाळीस गावांची यादी सांगायला लागली, कुठे विहीर, कुठे कूपनलिका, कुठे टाकी, आणि आल्यावर पहिल्या महिन्यात कुठून नमुने घेणार. सतराव्या गावापाशी प्राध्यापक म्हणाले, "पुरे."

अधिकारी बाईने समोरचा कागद उलटला. "आपल्या वरिष्ठांनी लिहिलंय की आपण अहवाल रखडवता. एखादा प्रसंग?"

प्रसंग होता. एका शाळेच्या टाकीचं पाणी. पहिल्या तपासणीत जंतू सापडले, दुसऱ्यात नाहीत. साहेब म्हणाले, दुसरी धरा. ती म्हणाली, तिसरी करते. शाळा चार दिवस टँकरवर राहिली, वरून तीन फोन आले, साहेब तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. तिसऱ्या तपासणीत जंतू निघाले. कुणीतरी दुसऱ्या नमुन्याची बाटली नळाखाली न धरता शेजारच्या माठातून भरली होती.

टिपणं घेणाऱ्याचं पेन जोरात चाललं.

"आपले वरिष्ठ आपल्याला चांगलं ओळखतात," अधिकारी बाई म्हणाली. प्रश्न नव्हताच तो. मुलाखत संपत आली होती, ती कागद एकावर एक ठेवत होती. ताईने फक्त मान हलवायची होती.

"ते पत्र मी लिहिलंय," ताई म्हणाली.

पेन थांबलं. मग तिने सगळं सांगितलं. ईमेल, चहा, चौकट.

"चौकटीवर खूण कुणी केली?"

"मी. साहेब हो म्हणाले."

"आपल्याच कार्यालयातून आणखी एक उमेदवार आहे."

"माझं विचारा," ताई म्हणाली. "त्यांचं त्यांना विचारा."

अधिकारी बाईने रचलेल्या कागदांतला एक परत वर काढला. मग वाचून दाखवावं तसं बोलली. "संदर्भपत्राला गुण नसतात. ते असावं लागतं, एवढंच. हे नाही, असं मी धरते. दुवा शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होतो. तोवर आपल्या वरिष्ठांनी स्वतः लिहिलेलं आलं नाही तर अर्ज अपूर्ण. आणि आज आपण जे बोललात त्याची नोंद होईल. त्याचं पुढे काय करायचं ते मुख्य कार्यालय ठरवतं, मी नाही."

बुधवार होता.


प्रश्न पाचवा. संदर्भपत्र देणाऱ्याने स्वतः भरावे

"तुम्ही असं कसं सांगितलंत?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"त्यांनी तुमचं कौतुक केलं, साहेब. म्हणाल्या त्या बाई, चांगलं ओळखतात."

"मग? घ्यायचं की! आयुष्यात पहिल्यांदा कुणी केलं."

टिपटॉपची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. त्याने कोटाची गुंडी लावली आणि सोडली, लावली आणि सोडली. "ताई," शेवटी तो म्हणाला, "तू खरं बोललीस ते बरं केलंस. पण माझं पत्र काय सुंदर होतं गं."

"तुझं नाव नाही घेतलं मी."

"आपल्या कार्यालयातून अर्ज दोनच. नाव कशाला घ्यायला हवं?"

गुरुवारी टिपटॉपलाही पत्राबद्दल विचारलं, आणि त्यालाही शुक्रवारचीच मुदत मिळाली. शुक्रवारी सकाळी साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. आधी पासवर्ड विचारायला बाहेर आले. मग अवतरणचिन्ह कुठे असतं ते विचारायला. ताई सांगायला उठली तेव्हा म्हणाले, "तिथूनच सांगा. आत यायचं नाही. नियम आहे." एका बोटाने टाइप केल्याचा आवाज दाराबाहेर येत होता, गळक्या नळासारखा, थेंब आणि मोठा खंड. जेवायलाही ते उठले नाहीत. दोन्ही पत्रं त्यांनी एकाच दिवशी लिहिली. पहिलं दुपारी दोनला संपलं, दुसरं पाचला सात मिनिटं कमी असताना. पहिलं कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"काय लिहिलंत, साहेब?"

"उमेदवाराने पाहिलेले नाही," साहेब म्हणाले. त्यांचं बोट सुजलं होतं.


प्रश्न सहावा. हा प्रश्न नाही

पंधरा एप्रिलला दादा सकाळपासून तिच्या मागे फिरत होता.

"हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस."

"दादा, हातातलं तीस टक्केच आहे."

"तीस तर आहे! तिकडे तर तू स्वतःहून सांगून आलीस की मी खोटी खूण केली. आता कोण देणार तुला?"

"बहुतेक नाही देणार."

"मग?"

ताईने विद्यापीठाला दोन ओळींचं पत्र लिहिलं, आभार मानले, नाही म्हटलं. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आई दोघांशी बोलत होती, पण कमी.

जूनमध्ये निकाल आला. टिपटॉपची निवड झाली नाही. कारण कळवलं जात नाही. त्यानेही एका विद्यापीठाकडून फीमध्ये सवलत मिळवली होती, त्याच्या सासऱ्यांनी उरलेलं उभं केलं, आणि तो जायच्या तयारीला लागला. कधी परत येणार, असं त्याला कुणी विचारलं नाही, फॉर्मवरही नाही आणि घरीही नाही.

ताई राखीव यादीवर होती. पत्रात तिचा क्रमांक दिलेला नव्हता. मुख्य कार्यालयाने त्या नोंदीचं काय केलं हेही दिलेलं नव्हतं. एवढंच होतं की वरच्यांपैकी कुणी गळालं तर कळवू, तोवर विद्यापीठाचा बिनशर्त प्रवेश मिळवून ठेवा. तिने तो दुसऱ्या एका विद्यापीठातून मिळवून ठेवला, फीच्या कुठल्याच सवलतीशिवाय, आणि रोज सकाळी नमुने नोंदवून घेत राहिली.

जुलैच्या चौथ्या आठवड्यात दूतावासातून फोन आला. निवड झालेल्या एका उमेदवाराला दुसऱ्या एका विद्यापीठाने चार वर्षांच्या संशोधनासाठी पूर्ण खर्च देऊ केला होता. दोन्ही ठेवता येत नाहीत. त्याने सरकारची सोडली. सरकारची घेतली असती तर परत यावं लागलं असतं.

"आपली तयारी आहे काय?" फोनवर विचारलं.

"आहे," ताई म्हणाली. मग थांबून म्हणाली, "ती नोंद?"

"कुठली नोंद?"

"मुलाखतीतली."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. "आपल्या अर्जासोबत नोंद आहे," आवाज म्हणाला. "मुख्य कार्यालयाने वाचल्याचा शिक्का आहे. त्याखाली काही लिहिलेलं नाही. व्हिसासाठी क्षयाची तपासणी दहा दिवसांत करून घ्या, आणि करारावर प्रत्येक पानावर सही हवी."

करार अकरा पानी होता. ताईने तो दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा, आणि मग सही केली. दादा शेजारी उभा राहून बघत होता. नवव्या पानावर परत येण्याचं कलम होतं. तिथे तो म्हणाला, "इथे जरा बारीक सही कर."

"का?"

"उगाच."

तिने नेहमीसारखीच केली.

मुलाखतीच्या त्या बुधवारी सकाळी दूतावासाच्या फाटकासमोर व्हिसाच्या रांगेत चौतीस माणसं होती, आणि पहारेकऱ्याने सगळ्यांना परतीचं तिकीट विचारलं; ताईकडे बघून मात्र म्हणाला, "तुम्ही तर परत येणारच."